पन्नास मिनिटं अभ्यास, दहा मिनिटं सुट्टी : मनगटी घड्याळावर हे चक्र कसं लावायचं

फोनवरचा टायमर अभ्यासाला चालत नाही, याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. टायमर बंद करायला फोन हातात घेतला की दहा मिनिटांच्या सुट्टीचा पाऊण तास होतो. मनगटी घड्याळाला हा दोष नाही, पण त्याची स्वतःची एक अडचण आहे. बहुतेक डिजिटल घड्याळांमधला टायमर एकच अवधी धरून ठेवतो. पन्नास मिनिटं लावली तर पन्नासच. संपली की तीच पुन्हा सुरू होतील, पण आता पन्नास, मग दहा, मग पुन्हा पन्नास असं आलटून पालटून मोजणं त्याला जमत नाही. मग विद्यार्थी दर खेपेला बटणं दाबून वेळ बदलत बसतो आणि आठवड्याभरात कंटाळून सोडून देतो.

यावर उपाय म्हणजे टायमरच्या मागे न लागता गजर आणि तासाचा टोला वापरणं. टायमर तुम्ही बटण दाबल्यापासून वेळ मोजतो. गजर आणि टोला घड्याळातल्या वेळेला बांधलेले असतात. तुम्ही उठा, बसा, पाच मिनिटं उशीर करा, आठ वाजायचे तेव्हाच वाजतात. चक्र एकदा वेळेला बांधलं की रोज पुन्हा लावावं लागत नाही आणि ते हळूहळू पुढे सरकतही नाही.

आधी चक्राची लांबी ठरवा

वेळेला बांधायचं तर चक्राच्या लांबीने ६० ला निःशेष भाग जायला हवा. अभ्यास ५० आणि सुट्टी १० मिळून तास होतो, म्हणजे रोज प्रत्येक तासाला तेच आकडे येतात. २५ आणि ५ मिळून अर्धा तास होतो, तेही बसतं. ही दुसरी विभागणी फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर बसवली. या पद्धतीचं पोमोडोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो, हे नाव त्यातूनच आलं. पण ४५ आणि १० घेतलं तर बेरीज ५५ होते. सातला बसलात तर पहिली सुट्टी ७:४५ ला, दुसरी ८:४० ला, तिसरी ९:३५ ला. अशा वेळा लक्षात राहत नाहीत आणि घड्याळात बसवताही येत नाहीत. ४५ मिनिटंच हवी असतील तर सुट्टी १५ ची करा.

माझं मत ५०-१० च्या बाजूने आहे. भौतिकशास्त्राची गणितं सोडवताना पंचविसाव्या मिनिटाला गजर वाजला तर बऱ्याचदा आकृती नुकतीच काढून झालेली असते. जीवशास्त्राचं पाठांतर, शब्दसंग्रह, चालू घडामोडी यांना २५-५ चांगलं जमतं. पण दोन्ही एकत्र लावू नका, घड्याळावरचे गजर त्यासाठी पुरत नाहीत.

घड्याळात काय आहे ते पाहा

दुकानात जायच्या आधी घरातलं घड्याळ तपासा. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे काळं, चौकोनी, स्वस्त घड्याळ कित्येक घरांत असतं. त्यात रोजचा एक गजर, तासाचा टोला आणि स्टॉपवॉच आहे. उलटा मोजणारा टायमर मात्र नाही. त्याच कंपनीच्या एई-१२०० मध्ये, पडद्यावर छोटा जगाचा नकाशा असलेल्या घड्याळात, पाच गजर, तासाचा टोला आणि उलटा टायमर असतो. जी-शॉकच्या डीडब्ल्यू-५६००ई मध्ये टायमर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय आहे. टाइमेक्सच्या अनेक डिजिटल घड्याळांत टायमर संपल्यावर थांबायचं की पुन्हा सुरू व्हायचं हे STOP किंवा REPEAT निवडून सांगता येतं.

अभ्यासाच्या चक्रासाठी मला यांतलं सर्वांत सोयीचं वाटतं ते पाच गजरांचं घड्याळ. म्हणून तेच आधी सविस्तर घेतो.

पाच गजर आणि टोला : एक उदाहरण

समजा लातूरमध्ये खोली घेऊन राहणारी बारावीची मुलगी नीटची तयारी करते आहे. दुपारी क्लास, सकाळी सहा ते दहा स्वतःचा अभ्यास. तिला चार तासिका हव्यात : ६:०० ते ६:५०, ७:०० ते ७:५०, ८:०० ते ८:५० आणि ९:०० ते ९:५०. म्हणजे अभ्यास सुरू करायची खूण बरोबर तासाला आणि थांबायची खूण पन्नासाव्या मिनिटाला.

सुरुवातीची खूण तासाचा टोला देतो, त्यासाठी एकही गजर खर्च होत नाही. थांबायच्या खुणेसाठी चार गजर लागतात. पाचवा उरतो.

एई-१२०० ला चार बटणं आहेत. डावीकडे वर ADJUST, खाली MODE. उजवीकडे वर दिव्याचं, खाली SEARCH. पहिल्यांदा घड्याळाची वेळ फोनशी जुळवा. साध्या वेळेच्या पडद्यावर ADJUST दाबून धरा, आकडे लुकलुकू लागतील. MODE दाबत सेकंदांवर या. फोनवर मिनिट पालटताच SEARCH दाबा, सेकंद शून्यावर येतात. तीस ते एकोणसाठच्या दरम्यान दाबलं तर मिनिटही एकाने वाढतं, म्हणून दाबल्यावर मिनिट बरोबर आहे ना पाहा. काम झालं की ADJUST दाबून बाहेर पडा. हे घड्याळ महिन्याला जास्तीत जास्त तीस सेकंद इकडेतिकडे होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा जुळवलं की पुरे.

आता MODE दाबत गजराच्या पडद्यावर जा. तिथे SEARCH दाबत राहिलात की एकेक गजर समोर येतो : AL1 ते AL4, मग SNZ आणि मग SIG. AL1 समोर असताना ADJUST दाबून धरा. तासाचे आकडे लुकलुकतील. SEARCH ने पुढे, दिव्याच्या बटणाने मागे जाता येतं. दाबून धरलं तर आकडे भराभर पळतात. तास ६ करा, MODE दाबून मिनिटांवर या, ५० करा, ADJUST दाबून बाहेर पडा. वेळ लावली की गजर आपोआप चालू होतो, वेगळं काही करावं लागत नाही. हेच AL2 ला ७:५०, AL3 ला ८:५०, AL4 ला ९:५० लावून करा.

शेवटी SEARCH दाबत SIG वर या आणि ADJUST एकदाच, न धरता, दाबा. टोला चालू झाला. गजर चालू-बंदही याच पद्धतीने होतो : तो गजर समोर आणायचा आणि ADJUST हलकेच दाबायचं. दाबून धरलं तर वेळ बदलायचा पडदा उघडतो आणि हलकं दाबलं तर चालू-बंद होतं. सुरुवातीला हाताला हा फरक कळायला वेळ लागतो.

सकाळ-संध्याकाळचा घोळ इथेच होतो. घड्याळ बारा तासांच्या पद्धतीवर असेल तर गजर लावताना दुपारनंतरच्या वेळेसाठी P दिसतो. आकडे भराभर पळवताना बारा ओलांडले गेले की सकाळी ६:५० चा गजर संध्याकाळी ६:५० ला जातो आणि सकाळी शांतता. यावर सोपा उपाय म्हणजे घड्याळ चोवीस तासांवर ठेवणं. मग सहा म्हणजे सकाळ आणि अठरा म्हणजे संध्याकाळ, शंकेला जागा नाही.

पाचवा गजर, SNZ, सुट्टीच्या चक्रात वापरू नका. तो एकदा वाजून गप्प बसत नाही. दर पाच मिनिटांनी पुन्हा वाजतो, असं एकूण सात वेळा. ९:५० ला लावला तर १०:२० पर्यंत पिच्छा पुरवेल. उठायचा गजर म्हणून तो उत्तम आहे, ५:३० ला तिथे ठेवा.

टोला आणि गजर यांचा आवाज वेगळा असतो, याचा फायदा

तासाचा टोला दोनदा टिक-टिक करतो आणि थांबतो. गजर काही सेकंद सलग वाजत राहतो, कोणतंही बटण दाबलं की थांबतो. म्हणजे लांब आवाज आला की पेन ठेवायचं आणि दोन टिका ऐकू आल्या की बसायचं. घड्याळाकडे पाहावंही लागत नाही. दोनतीन दिवसांत कान सरावतो.

उलट लावण्याचा मोह होतो : अभ्यास सुरू करायची खूण मोठी असावी, टोल्याने कसं चालेल? सुट्टीत माणूस खोलीभर फिरतो, पाणी प्यायला जातो, तिथे बारीक टोला ऐकूच येत नाही, असा आक्षेप असतो. तो खरा आहे. म्हणून सुट्टीतही घड्याळ मनगटावर असू द्या. टेबलावर काढून ठेवलं आणि बाहेर गेलात तर टोला वाजून गेलेला कळणार नाही. अभ्यास करताना मात्र उलट आहे. या घड्याळांचा आवाज मागच्या झाकणाला चिकटवलेल्या पातळ चकतीतून येतो आणि मनगटाला टेकलेला असताना तो दबतो. पंखा जोरात असेल तर घड्याळ काढून टेबलावर ठेवलं की स्पष्ट ऐकू येतं.

दिवस संपला की SIG बंद करा. नाहीतर रात्री बारा, एक, दोन, सगळे टोले वाजतील आणि खोलीतली दुसरी मुलगी तुमचं घड्याळ बादलीत टाकेल. क्लासला जातानाही बंदच बरा.

एकच गजर असलेलं घड्याळ

एफ-९१डब्ल्यू सारख्या घड्याळात टोला आहे, पण दर तासाला पन्नासाव्या मिनिटाला वाजेल असा गजर नाही. एकच खूण हातात असेल तर ती कुठे खर्च करायची, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर : सुट्टी संपल्याची खूण घड्याळाकडे द्या, अभ्यास संपल्याची स्वतःकडे ठेवा. अभ्यासात असताना पुस्तक, वही आणि घड्याळ समोरच असतात, ५० झाले का हे दिसतं. समजा दोनतीन मिनिटं पुढे गेलं तरी नुकसान काहीच नाही. सुट्टीत मात्र वेळेकडे कोणाचंच लक्ष नसतं, तिथे कोणीतरी हाक मारायला हवी.

लावायची रीत छोटी आहे. डावीकडचं खालचं बटण दाबून गजराच्या पडद्यावर जा, उजवीकडचं बटण दाबत राहा. प्रत्येक दाबणीला गजर, टोला, दोन्ही, काहीच नाही अशी स्थिती फिरते. वर गजर आणि टोला या दोन्हींच्या खुणा उमटल्या की थांबा. रोजचा तो एक गजर दिवसाच्या शेवटच्या सुट्टीला द्या, म्हणजे आमच्या उदाहरणात ९:५० ला.

आपोआप पुन्हा सुरू होणारा टायमर असेल तर

टायमर पुन्हा सुरू होतो, पण अवधी एकच राहतो, हे वर आलंच. तरीही तो वापरता येतो. अवधी पंधरा मिनिटांचा करा, पुनरावृत्ती चालू करा आणि बरोबर तासाला सुरू करा. तो :१५, :३०, :४५ आणि :०० ला वाजेल. यांतल्या फक्त शेवटच्या दोन घंटा कामाच्या : :४५ ला सुट्टी, :०० ला पुन्हा अभ्यास. मधल्या दोन घंटांना न उठता पानावर पेन्सिलने रेघ मारा. पंधरा मिनिटांत किती पुढे आलात ते आयतं कळतं. किती घंटा झाल्या हे मोजायची गरज नाही, घड्याळाचा मिनिटांचा आकडाच ते सांगतो. म्हणून बरोबर तासाला सुरू करणं महत्त्वाचं. ७:०७ ला सुरू केलंत तर :२२, :३७, :५२ असे आकडे येतात आणि सगळा हिशोब डोक्यात ठेवावा लागतो.

काही घड्याळांत ही पुनरावृत्ती ठरावीक वेळा झाली की आपोआप थांबते. ते आधीच तपासा : एक मिनिटाचा टायमर पुनरावृत्तीसह लावा आणि सोळा मिनिटं घड्याळाला हात न लावता नुसत्या घंटा मोजा. तो अजून वाजत असेल तर चार तास वापरायला हरकत नाही. थांबला असेल तर किती वेळा वाजला ते लक्षात ठेवा आणि तेवढ्या घंटा झाल्या की पुन्हा सुरू करा.

अभ्यासिकेत : कंपनाचं घड्याळ

पुण्यातल्या अभ्यासिकेत गजर एकदा वाजला की शेजारचे दहा जण मान वर करतात. तिथे मनगटावर नुसतं थरथरणारं घड्याळ लागतं. स्मार्टवॉच असेल तर गजराची तीच रीत चालते : ६:५०, ७:००, ७:५०, ८:०० असे रोजचे गजर.

अॅपल वॉचवर गजराचं अॅप उघडून नवा गजर घाला, रोज पुन्हा वाजेल अशी खूण करा आणि स्नूझ बंद करा. मग घड्याळ सायलेंट ठेवा. सायलेंट असताना गजर आवाज न करता मनगटावर टकटक करतो. हात हलला की पडदा उजळू नये म्हणून थिएटर मोडही लावा. सूचनांची टकटक थांबवायला डू नॉट डिस्टर्ब वेगळं लावावं लागतं.

हजार-दोन हजारांच्या स्मार्टवॉचमध्ये अनेकदा गजरांची संख्या मर्यादित असते. आठ गजर हवेत आणि पाचच मिळतात. अशा वेळी फोनवरच्या त्या घड्याळाच्या अॅपमध्ये पाणी पिण्याची आठवण शोधा. अनेक अॅपमध्ये तिच्यासाठी सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि मधलं अंतर विचारतात. सुरुवात ६:००, शेवट १०:००, अंतर ६० मिनिटं दिलंत की ती तासाच्या टोल्याचं काम करते. मग गजर फक्त पन्नासाव्या मिनिटांसाठी उरतात. आणि दहा मिनिटांत पाणीही पिऊन होतं, तो वेगळा फायदा.

बसून राहिल्याची आठवण मात्र याच कामाला वापरू नका. नावावरून ती अगदी योग्य वाटते, पण ती वेळ नव्हे तर हालचाल मोजते. मध्येच पुस्तक आणायला उठलात की तिची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि कधी वाजेल याचा नेम राहत नाही.

लावून झाल्यावर एक चाचणी करा. फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि पुढच्या गजराची वाट पाहा. वाजला तर गजर घड्याळात साठवलेला आहे, फोन खोलीतच ठेवून अभ्यासिकेत जाता येईल. नाही वाजला तर तो फोनवरून येत होता. हीच चाचणी डू नॉट डिस्टर्ब लावून पाण्याच्या आठवणीसाठीही करा. बऱ्याच घड्याळांत गजर त्यातून सुटतो, पण आठवणी अडकतात.

साधं कॅसिओच वापरायचं असेल तर अभ्यासिकेत निदान बटणांचा आवाज बंद करा. एई-१२०० वर साध्या वेळेच्या पडद्यावर MODE दाबून धरलं की MUTE ची खूण येते. त्याने फक्त बटणांची टिकटिक थांबते. गजर आणि टोला तसेच वाजतात, हे समजूनच तिथे ठेवा.

गजर वाजला आणि कोणी उठलंच नाही

पहिल्या आठवड्यात हे होतंच. लातूरच्या त्या मुलीने ६:५० चा गजर बंद केला, एवढं गणित संपवते म्हणाली, आणि ७:०० चा टोला वाजला तेव्हा ती अजून तिथेच. यावर एकच नियम पाळा : सुट्टी बुडली तर बुडली, ती पुढे ढकलायची नाही. ७:०५ ला सुट्टी घेऊन ७:१५ ला बसलात की गजर ७:५० ला येईल, तासिका पस्तीस मिनिटांची उरेल आणि दुपारपर्यंत घड्याळ एक सांगेल, तुम्ही दुसरंच कराल. चुकलेली सुट्टी सोडा आणि पुढची पकडा.

हे रोज एकाच तासाला होत असेल तर दोष त्या तासाला ठेवलेल्या विषयात असतो. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या अभिक्रियांचा संच पन्नास मिनिटांत मावत नसेल तर तो ९:०० च्या तासिकेत ठेवा, जिच्यानंतर दिवसाचा मोठा मोकळा वेळ आहे.

पूर्ण पेपरच्या सरावाला चक्र बंद

सराव पेपर सोडवताना मधल्या सगळ्या खुणा बंद करा. नीटचा पेपर २०२५ पासून १८० मिनिटांत १८० प्रश्नांचा आहे आणि दुपारी दोन ते पाच असतो. रविवारी त्याच वेळी बसा, टोलाही बंद ठेवा आणि टायमरवर सरळ तीन तास लावा. एमएचटी-सीईटीच्या विद्यार्थ्याने दोन वेळा ९० मिनिटं लावावीत, कारण भौतिक आणि रसायनशास्त्र एका गटात, गणित किंवा जीवशास्त्र दुसऱ्या गटात, प्रत्येकाला ९० मिनिटं, असा तो पेपर असतो.

नीटच्या केंद्रावर कोणतंही मनगटी घड्याळ आत नेता येत नाही, साधं काट्याचंही नाही. वेळ वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळात पाहायची. म्हणून शेवटच्या महिन्यातले सराव पेपर मनगट मोकळं ठेवून सोडवा. खोलीत समोरच्या भिंतीवर काट्यांचं घड्याळ टांगा आणि पंचेचाळीस प्रश्नांमागे काटा कुठे पोचायला हवा ते पाहायची सवय करा : दोनला सुरुवात, पावणेतीनला पंचेचाळीस, साडेतीनला नव्वद, सव्वाचारला एकशे पस्तीस.